तिन्ही पडताळे जुळले, तरी मसावि चुकलेला

मसावि-लसाविची सरावपत्रिका तपासताना आपण बहुधा तीन गोष्टी बघतो. मुलाने काढलेल्या मसाविने दिलेल्या दोन्ही संख्यांना निःशेष भाग जातो का, लसाविला त्या दोन्ही संख्यांनी निःशेष भाग जातो का, आणि मसावि व लसावि यांचा गुणाकार दिलेल्या दोन संख्यांच्या गुणाकाराएवढा येतो का. तिन्ही जुळले की उत्तर बरोबर धरायचे, अशी सवय शिक्षकांना असते आणि घरी वही बघणाऱ्या पालकांनाही. पण अवयवांच्या झाडांत दोन्हीकडे दिसत असलेला एखादा मूळ अवयव साधारण म्हणून धरायचा राहून गेला, तर ती चूक या तिन्ही पडताळ्यांतून सुखरूप बाहेर पडते. नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या शाळांत सहावी-सातवीच्या वर्गांना शिकवणाऱ्यांसाठी आणि संध्याकाळी मुलांची वही हातात घेणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे. ही एकच चूक ओळखायची कशी, ती नेमकी कुठे झाली हे शोधायचे कसे आणि तिला गुण किती द्यायचे, एवढ्यापुरताच तो आहे.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले कर्जत-३ आणि कर्जत-७ हे भाताचे वाण इथल्या मुलांच्या कानावरचे आहेत. समजा सरावपत्रिकेत असा प्रश्न आहे: कर्जत-३ चे ८४ किलो आणि कर्जत-७ चे १२६ किलो बियाणे आहे. दोन्ही वाण एकमेकांत न मिसळता, काहीही शिल्लक न ठेवता सारख्या वजनाच्या पिशव्या भरायच्या आहेत. एका पिशवीत जास्तीत जास्त किती किलो बियाणे बसवता येईल? त्याच दोन संख्यांचा लसाविही काढा. दोन्ही संख्यांची अवयवांची झाडे काढायची आहेत.

एका मुलीचा कागद समोर आहे असे धरू. तिने ८४ खाली ४ आणि २१ असे फाटे काढले, मग ४ खाली २ व २, आणि २१ खाली ३ व ७. या झाडाची चारही टोके एकाच ओळीत तळाशी आली. १२६ ची सुरुवात तिने ७ आणि १८ अशी केली. १८ खाली २ व ९, आणि ९ खाली ३ व ३. इथे ७ दुसऱ्याच ओळीत थांबला आणि बाकीचे अवयव त्याच्याखाली उतरत गेले. मग तिने लिहिले:

८४ = २ × २ × ३ × ७
१२६ = ७ × २ × ३ × ३

झाडे बरोबर आहेत, ओळीही बरोबर आहेत. दोन्ही ओळींतल्या एकेका २ भोवती आणि एकेका ३ भोवती तिने पेन्सिलने गोल केला आणि मसावि ६ लिहिला. एका ओळीत सर्वांत शेवटी आणि दुसरीत सर्वांत आधी आलेला ७ तिच्या नजरेतून सुटला. लसाविसाठी तिने साधारण अवयव २ आणि ३ घेतले, त्यांना दोन्हीकडचे उरलेले अवयव जोडले, म्हणजे ८४ मधले २ व ७ आणि १२६ मधले ७ व ३, आणि उत्तर लिहिले १७६४. खरा मसावि आहे ४२ आणि खरा लसावि २५२.

आता नेहमीचे तीन पडताळे लावून बघा. ८४ ला आणि १२६ ला ६ ने भाग जातो. १७६४ ला ८४ ने भाग जातो, भागाकार २१ येतो. १२६ नेही जातो, भागाकार १४ येतो. आणि ६ × १७६४ = १०५८४, जे ८४ × १२६ इतकेच आहे. तिन्ही जुळले, आणि दोन्ही उत्तरे चूक.

यात योगायोग काहीच नाही. दोन्ही संख्यांचे मिळून आठ मूळ अवयव आहेत. मसावि आणि लसावि काढणे म्हणजे त्या आठांची दोन ठिकाणी वाटणी करणे: दोन्हीकडच्या जोडीतला एक मसावित जातो आणि बाकीचे सगळे लसावित. जोडी नजरेतून सुटली तर मसावित जायला हवा होता तो ७ लसावित जाऊन बसतो. मसावि सातपट लहान होतो, लसावि सातपट मोठा, आणि दोघांचा गुणाकार जागच्या जागी राहतो. म्हणजे गुणाकाराचे सूत्र एवढेच सांगते की आठपैकी एकही अवयव हरवलेला नाही. तो योग्य जागी गेला की नाही, हे त्या सूत्राला कळूच शकत नाही. भाग जातो की नाही हे बघणारे दोन पडताळेही असेच अपुरे आहेत. ६ हा साधारण विभाजक आहेच, १७६४ हा साधारण विभाज्य आहेच. आपल्याला त्यापुढचे हवे होते, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान, आणि त्याबद्दल हे पडताळे काही बोलत नाहीत.

जो पडताळा बोलतो तो याहून सोपा आहे. मुलाने काढलेल्या मसाविने दोन्ही संख्यांना भागा आणि आलेले दोन भागाकार सहमूळ आहेत का ते बघा, म्हणजे १ सोडून त्यांना दुसरा कोणताही साधारण विभाजक नाही ना. ८४ ÷ ६ = १४ आणि १२६ ÷ ६ = २१. दोघांनाही ७ ने भाग जातो. म्हणून मसावि अपुरा आहे, आणि नेमका ७ ने अपुरा आहे. खऱ्या मसाविने भागले तर २ आणि ३ उरतात, आणि त्यांच्यात काहीच साधारण नाही. हा पडताळा चूक आहे एवढेच सांगून थांबत नाही, राहिलेला अवयवही हातात देतो. पिशव्यांच्या प्रश्नात मुलांना तो डोळ्यांसमोर आणता येतो. सहा किलोच्या पिशव्या केल्या तर एका वाणाच्या १४ आणि दुसऱ्याच्या २१ होतील. मुलांना विचारा, या पिशव्या सात-सात एकत्र करून मोठी पिशवी भरता येईल का? दोन्हीकडे येते, काही उरत नाही, आणि २ व ३ पिशव्या होतात. मग सहा किलो हे जास्तीत जास्त कसे?

हाच पडताळा लसाविकडूनही लावता येतो. मुलाच्या लसाविला दोन्ही संख्यांनी भागल्यावर येणारे भागाकार सहमूळ असले पाहिजेत. १७६४ चे भागाकार २१ आणि १४ आले, तेव्हा तिथेही तोच ७ जास्तीचा आहे हे दिसते. एकाच चुकीच्या या दोन खुणा असल्याने तपासणाऱ्याला दोन्ही करायची गरज नाही. मसाविकडची पुरते, कारण तिथे संख्या लहान असतात.

चूक आहे हे कळल्यावर ती कुठे झाली हे बघायचे असते, आणि इथे मसावि व लसावि ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचली तर बरेच काही समजते. वर पाहिलेली जोडी, ६ आणि १७६४, सांगते की अवयव बरोबर पाडले, पण जोड्या लावताना एक सुटली. आता दुसऱ्या कागदावर ६ आणि २५२ अशी जोडी आली असे समजा. मसावि चूक, लसावि बरोबर. अशा वेळी १२६ ची ओळ बघा. पुष्कळदा तिथे फक्त २ × ३ × ३ लिहिलेले सापडेल. मुलाने झाडाच्या तळाची टोके गोळा केली आणि वरच्या ओळीत थांबलेला ७ घ्यायचाच राहिला. त्याने प्रत्यक्षात ८४ आणि १८ चा मसावि-लसावि काढला आहे. लसावि बरोबर आला तो केवळ ८४ च्या ओळीतून ७ मिळाला म्हणून. ही चूक मात्र गुणाकाराच्या सूत्रात सापडते, कारण इथे एक अवयव खरोखरच हरवला आहे. त्याहूनही सोपा उपाय म्हणजे ओळीतल्या अवयवांचा पुन्हा गुणाकार करायला सांगणे; २ × ३ × ३ = १८ दिसले की मूल स्वतःच वर बघते. ओळ पूर्ण असूनही २५२ आला असेल, तर त्याने लसावि दुसऱ्या रीतीने, बहुधा उभ्या मांडणीने काढला आहे, आणि त्याची अडचण मसाविच्या जोड्यांपुरतीच आहे.

तिसरी जोडी येऊ शकते ती २ आणि ५२९२. इथे ८४ ची ओळ २ × २ × २१ अशी असते. २१ ला मूळसंख्या समजून झाड तिथेच थांबवले, आणि त्यामुळे त्यात दडलेले ३ आणि ७ दोन्ही साधारण म्हणून मोजले गेले नाहीत. ओळीचा गुणाकार ८४ येतो, सूत्रही जुळते, पण २ ने भागल्यावर ४२ आणि ६३ समोर येतात. आणखी एक प्रकार ७२ आणि १०८ सारख्या संख्यांत दिसतो. दोन्हीकडे २ आणि ३ आहेत म्हणून मसावि ६ लिहिला जातो. २ आणि ३ दोन्हीकडे एकापेक्षा जास्त वेळा आलेत, तर जितक्या जोड्या लागतील तितक्या वेळा घ्यायचे, हे त्या मुलाला कळलेले नसते. खरा मसावि ३६ आहे. इथे भागाकार १२ आणि १८ येतात आणि राहिलेला ६ लगेच दिसतो. नजर चुकण्यापेक्षा ही चूक वेगळी आहे, कारण हे मूल दहाही उदाहरणांत असेच करेल. त्याला पुन्हा समजावून सांगावे लागते, नुसते ‘नीट बघ’ म्हणून भागत नाही.

आता गुणांचा प्रश्न. समजा उदाहरणाला ४ गुण आहेत: प्रत्येक झाडाला एक, मसाविला एक आणि लसाविला एक. नुसती उत्तरे बघून तपासले तर ६ आणि १७६४ लिहिणाऱ्या मुलीला २ गुण मिळतात आणि ६ व २५२ लिहिणाऱ्या मुलाला ३. पण दोघांचे काम नीट वाचले तर पहिलीने दोन्ही संख्यांचे अवयव पूर्ण लिहिले, रीत शेवटपर्यंत सुसंगत नेली आणि एक जोडी चुकवली. दुसऱ्याने एक अवयवच गमावला आणि तरी लसावि जुळून आला. म्हणून मी सुचवतो की चुकीचा गुण चूक जिथे झाली तिथे एकदाच कापावा. मुलीचा मसाविचा गुण जाईल. लसाविचा द्यावा, कारण तिच्या मसाविवरून पुढची कृती तिने बरोबर केली आहे. मात्र १७६४ वर बरोबरची खूण करू नये. शेजारी २५२ लिहावे, म्हणजे गुण कृतीचा आहे, उत्तराचा नाही, हे तिला आणि घरच्यांना समजेल. मुलाला झाडाचे दोन गुण द्यावेत, मसाविचा कापावा आणि लसाविचा द्यावा, पण १२६ च्या ओळीखाली लाल रेघ हवीच. दोघांचे गुण सारखे होतील, शेरे मात्र वेगवेगळे असतील.

यावर शिक्षक म्हणतील, आणि ते म्हणणे रास्तही आहे, की शिष्यवृत्ती परीक्षेत पर्याय असतात, तिथे ६ ला शून्यच मिळतो, मग इथे ३ गुण देऊन मुलांना गाफील का ठेवायचे? त्या परीक्षेत उत्तराचाच विचार होतो हे खरे. पण सरावपत्रिकेचे काम वेगळे आहे. मूल कोणत्या पायरीवर घसरते हे तिथे कळायला हवे, आणि दोन वेगळ्या चुकांना एकच शून्य दिले तर ते कळत नाही. पर्यायी प्रश्नांसाठी तर भागाकारांचा पडताळा जास्तच उपयोगी आहे. पर्यायांत ६, १२, ४२ आणि ८४ दिले असतील, तर ६ ने भाग जातो म्हणून मूल पहिल्याच पर्यायावर थांबण्याचा धोका असतो. मसाविने भागल्यावर उरलेले १४ आणि २१ बघायची सवय असली तर ते थांबत नाही. वर्गात हा पडताळा शिकवून झाला असेल आणि पत्रिकेत तो लिहायला सांगितला असेल, तर मात्र त्याला स्वतंत्र गुण ठेवावा आणि न केल्यास कापावा. न शिकवलेल्या पडताळ्याचा गुण कापणे योग्य नाही.

दुसरी हरकत वेळेची. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवरच्या दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्याने प्रत्येक झाड वाचायचे केव्हा? प्रत्येक झाड वाचायची गरज नाही. आधी मसावि बघा. तो चुकला असेल तरच लसावि बघा, आणि त्या दोन उत्तरांवरून ओळ, जोडी की झाड यांपैकी काय वाचायचे ते ठरवा. उत्तरसूची हाताशी नसेल तर मसावि काढायला झाड लागतही नाही. मोठ्या संख्येतून लहान वजा करा: १२६ − ८४ = ४२. दोन्ही संख्यांना ज्याने भाग जातो त्याने त्यांच्या फरकालाही भाग जातो, म्हणून मसावि ४२ पेक्षा मोठा असू शकत नाही. आणि ८४ ला ४२ ने भाग जातो, तेव्हा मसावि ४२ च. शाळेतली भागाकाराची रीत हीच, फक्त तिथे वारंवार वजा करण्याऐवजी भागून बाकी घेतात. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या सातव्या भागात ती आहे, आणि इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने सांगितलेल्या कुट्टकाचा पायाही याच परस्पर भागाकारात आहे.

फरकाची ही रीत आणखी एका ठिकाणी लागते, जिथे भागाकारांचा पडताळाही लंगडा पडतो. स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीसाठी ७८ मुली आणि ९१ मुलगे आहेत, मुली आणि मुलगे वेगळे ठेवून सर्व रांगांत सारखी संख्या हवी, तर एका रांगेत जास्तीत जास्त किती जण? मुलाने ७८ = २ × ३ × १३ लिहिले आणि ९१ ला मूळसंख्या समजून तसेच ठेवले. मसावि १, लसावि ७०९८. सूत्र जुळते. भागाकार ७८ आणि ९१ च राहतात, आणि ज्याला ९१ मूळसंख्या वाटते त्याला ते सहमूळच वाटणार. पडताळा करणाऱ्याची समजूत आणि उत्तर काढणाऱ्याची समजूत एकच असेल तर चूक लपून राहते. इथे फरक उपयोगी पडतो: ९१ − ७८ = १३, आणि ७८ ला १३ ने भाग जातो, म्हणून ९१ लाही जातो. मसावि १३, लसावि ५४६. मुलींच्या सहा रांगा आणि मुलग्यांच्या सात. मसावि १ आला की एकदा वजाबाकी करून बघायची, ही सवय मुलांना लावण्यासारखी आहे. ५१, ५७, ८७ आणि ९१ या संख्या २ किंवा ५ च्या कसोटीला लागत नाहीत आणि पाढ्यांत चटकन आठवत नाहीत, म्हणून झाडाच्या टोकाला त्या दिसल्या की तपासणाऱ्याने थांबावे. त्यातल्या पहिल्या तिघींच्या अंकांची बेरीज केली की ३ ची कसोटी त्यांना पकडते. ९१ ला ७ ने भागूनच बघावे लागते.

तिसरी हरकत झाडाबद्दलच आहे. झाडामुळे टोके वरखाली विखुरतात आणि जोड्या सुटतात, तर झाडे सोडून द्या, दोन्ही संख्या शेजारी लिहून साधारण मूळसंख्येने भागत जाणारी उभी मांडणी तेवढी शिकवा, असे काही जण सुचवतात. त्या मांडणीचा एक मोठा फायदा मान्य करायला हवा: तिची शेवटची ओळ म्हणजेच आपले भागाकार. मुलगी २ आणि ३ ने भागून थांबली असती तर तळाला १४ आणि २१ शेजारी शेजारी दिसले असते. पण थांबायचे केव्हा हा निर्णय तिथेही मुलालाच घ्यावा लागतो, आणि ७ दिसला नाही तर तिथेही दिसत नाहीच. उलट झाडात संख्या पूर्ण फुटते, म्हणून चूक कोणत्या पायरीवर झाली ते वाचता येते. मला वाटते झाड ठेवावे आणि त्याखाली दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: टोकाच्या प्रत्येक मूळसंख्येला झाडातच गोल करायचा, आणि मग ओळ लहान संख्येकडून मोठीकडे लिहायची, सारखे अवयव वरखाली एकाच रकान्यात येतील अशी.

८४ = २ × २ × ३ × ७
१२६ = २ × ३ × ३ × ७

नुसते चढत्या क्रमाने लिहिले तर ८४ च्या दुसऱ्या २ खाली १२६ चा ३ येतो आणि जोड्या पुन्हा तिरक्या होतात. म्हणून दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी सोडायला सांगा, आणि पहिलीतही ३ नंतर एक. मग २, ३ आणि ७ यांचे तीन रकाने दोन्हीकडे भरलेले दिसतात आणि मसावि त्यांचाच गुणाकार असतो. मुलांची झाडे मात्र वेगवेगळी असू द्या. ८४ ची सुरुवात ४ × २१ ने केली काय, ७ × १२ ने केली काय, टोकाचे अवयव तेच येतात. फळ्यावरचे झाड तसेच उतरवले नाही म्हणून गुण कापण्याला गणितात आधार नाही.

संख्या तीन असतील तर यातले काही बदलते, आणि ते तपासणाऱ्याला माहीत हवे. मसावि × लसावि हे सूत्र तीन संख्यांना लागत नाही. ६, १० आणि १५ घेतले तर मसावि १, लसावि ३० आणि तिघांचा गुणाकार ९००. भागाकारांचा पडताळा मसाविसाठी लागतो, पण तिघांनाही एकच साधारण विभाजक नसावा एवढेच त्यात बघायचे. ६ आणि १० मध्ये २ साधारण आहे म्हणून मसावि चुकला असे म्हणता येत नाही. लसाविसाठी मात्र नेमक्या अशाच, दोघांतल्या जोड्याही मोजाव्या लागतात. त्यामुळे तीन संख्यांचे उदाहरण दोन संख्यांवर हात बसल्यावरच द्यावे.

पुढच्या पत्रिकेत संख्या निवडताना साधारण अवयव मोठा आणि जरा अनोळखी असेल अशा जोड्या घ्या. ६८ आणि १०२ मध्ये १७ आहे; तो सुटला तर मुलाकडून २ आणि ३४६८ येतात, खरी उत्तरे ३४ आणि २०४. ५७ आणि ९५ मध्ये १९ आहे. तिथे कोणी ५७ ला मूळसंख्या समजून थांबले तर मसावि १ येतो, खरा मसावि १९ आणि लसावि २८५. प्रत्येक उदाहरणाखाली ‘मसाविने भागल्यावर: __ आणि __’ अशी एक रिकामी ओळ छापा. तिच्यात मुलाने काय लिहिले ते आधी वाचा, झाडाकडे नंतर वळा.